झोपाळा मध्यावरच थांबतो, हे सिद्ध कसं करायचं?

झोपाळा ओढून सोडला की हेलकावे घेत घेत शेवटी मध्यावर येऊन थांबतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गणिताने सिद्ध करायला बसलं, की मात्र पहिल्याच प्रयत्नात गाडी अडते. ती नेमकी कुठे अडते आणि तिथून कशी सुटते, ते एका साध्या लंबकावर पाहू.

१ मीटर लांबीची हलकी, ताठ दांडी घेऊ, तिच्या टोकाला १ किलोचं वजन आणि वरच्या खिळीपाशी थोडं घर्षण. दांडी उभ्या रेषेपासून किती कललेली आहे तो कोन θ (रेडियनमध्ये) आणि तो कोन बदलण्याचा वेग ω. घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर गती आणि एकूण ऊर्जा V यांची समीकरणं अशी होतात:

```
θ' = ω
ω' = −9.8 sin θ − 0.5 ω
V  = 9.8 (1 − cos θ) + ½ ω²
V' = −0.5 ω²
```

ल्यापुनोव्ह या रशियन गणितज्ञाने १८९२ मध्ये दिलेली रीत सरळ आहे. समतोल बिंदूवर शून्य आणि त्याच्या आसपास सगळीकडे धन असेल असं ऊर्जेसारखं फल शोधा. हालचाल होत असताना ते वाढत नसेल, तर समतोल स्थिर, म्हणजे जवळून सुरुवात केली तर वस्तू जवळच राहते. ते समतोल बिंदू सोडून सर्वत्र नक्की घटत असेल, तर वस्तू समतोलाकडे परतही येते. या दुसऱ्या, जास्त भक्कम गुणाला अनंतस्पर्शी स्थिरता म्हणतात.

आपल्या लंबकाचं V' पहा. त्यात θ कुठेच नाही. म्हणजे वेग शून्य असला की V' शून्य, मग दांडी कितीही कललेली असो. घट फक्त (०, ०) या बिंदूवर थांबायला हवी होती, ती ω = ० या अख्ख्या रेषेवर थांबते. अशा V' ला ऋण अर्धनिश्चित म्हणतात. ल्यापुनोव्हच्या रितीने त्यावरून एवढंच मिळतं, की लंबक भरकटणार नाही. तो मध्यावर येईल, हे काही मिळत नाही.

आता एक क्षण जवळून पाहू. दांडी ६० अंशांवर धरून सोडली. सोडताना ऊर्जा ९.८ × (१ − ०.५) = ४.९ ज्यूल, वेग शून्य, आणि V' देखील शून्य. पण त्याच क्षणी ω' = −९.८ × ०.८६६, म्हणजे सुमारे −८.५. दांडी तिथे थांबूच शकत नाही. ०.१ सेकंदात वेग सुमारे ०.८५ रेडियन प्रति सेकंद होतो आणि ऊर्जा सेकंदाला ०.३५ ज्यूलच्या आसपास या दराने घटू लागते. काळाच्या अक्षावर ऊर्जेचा आलेख काढला, तर दर हेलकाव्याच्या टोकाला तो क्षणभर सपाट होतो आणि लगेच पुन्हा उतरू लागतो. घट थांबते, पण थांबून राहत नाही.

हाच फरक पकडणारं तत्त्व सोव्हिएत गणितज्ञ बार्बाशिन आणि क्रासोव्स्की यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि अमेरिकेतल्या लासाल यांनी १९६० मध्ये व्यापक केलं. त्याला अपरिवर्तन तत्त्व म्हणू. जिथे V' शून्य होतं अशा सगळ्या बिंदूंचा संच E घ्या. त्या E मध्ये असे मार्ग शोधा, जे भूतकाळात आणि भविष्यातही E सोडून जात नाहीत. अशा सगळ्या मार्गांचा मिळून संच M. तत्त्व सांगतं, की व्यवस्था शेवटी M कडेच जाते. E कडे जाते एवढंच म्हणणं पुरेसं नाही, खरी ताकद M मध्ये आहे.

हे खरं का? V घटत जातं, पण शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून ते कुठल्यातरी c या किमतीवर स्थिरावतं. मार्ग ज्या बिंदूंच्या जवळ पुन्हा पुन्हा, कितीही उशिरापर्यंत येत राहतो, त्या सगळ्या बिंदूंवर V बरोबर c असतं. अशा बिंदूवरून नवी सुरुवात केली, तर तो नवा मार्गही याच बिंदूंमधून जातो. मग त्यावर V बदलत नाही, म्हणजे V' सतत शून्य, म्हणजे तो मार्ग कायम E मध्ये.

लंबकाला हे लावायला दोन ओळी पुरतात. सतत ω = ० असेल, तर ω' देखील शून्य. दुसऱ्या समीकरणातून sin θ = ०, म्हणजे दांडी एकतर सरळ खाली, नाहीतर सरळ वर. वरची शक्यता बाद करायला सुरुवातीचा प्रदेश आखावा लागतो. सरळ वर उभ्या दांडीची ऊर्जा १९.६ ज्यूल. म्हणून V ≤ १९ आणि |θ| < π असा भाग घेतला. ऊर्जा वाढत नाही, त्यामुळे मार्ग त्यातून बाहेर पडत नाही. हा भाग बंदिस्त आणि मर्यादित आहे, आणि त्यात M म्हणजे फक्त (०, ०). स्थिरता ल्यापुनोव्हने आधीच दिली होती, परत येणं आता मिळालं.

प्रदेश आखण्याची ही पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. ती गाळली, तर सिद्धतेला अर्थच राहत नाही, कारण मार्ग अनंताकडे पळत नाही याची हमी तिथूनच येते.

दुसरी चूक म्हणजे M न काढताच निकाल जाहीर करणं. समान वजनाच्या दोन गाड्या घ्या. प्रत्येक सारख्याच स्प्रिंगने आपापल्या बाजूच्या भिंतीला बांधलेली, आणि दोघींच्या मध्ये तेलाचा डँपर. ऊर्जा घटते ती दोघींच्या वेगातल्या फरकामुळेच. दोन्ही गाड्या एकाच दिशेला सारख्या अंतराने ओढून सोडल्या, तर डँपर ताणला-दाबला जातच नाही आणि त्या कायम डोलत राहतात. हा मार्ग M मध्ये बसतो, म्हणून अनंतस्पर्शी स्थिरता इथे खरोखरच नाही. एक स्प्रिंग थोडी जास्त ताठ केली, की चित्र पालटतं. दोन्ही वेग सतत सारखे, तर प्रवेगही सारखे, म्हणून k₁x₁ = k₂x₂. याचा पुन्हा काळानुसार बदल काढला, तर k₁ आणि k₂ वेगळे असल्यामुळे वेग शून्यच निघतो आणि M मध्ये फक्त विश्रांती उरते. V' दोन्ही वेळा तेच, निकाल मात्र उलट.

तिसरी मर्यादा वेळेची. नियम स्वतःच काळानुसार बदलत असतील, तर हे तत्त्व जसंच्या तसं चालत नाही. x'' + (2 + eᵗ) x' + x = 0 यात घर्षण वाढतच जातं. V = ½(x² + x'²) घेतलं, तर V' = −(2 + eᵗ) x'², म्हणजे लंबकासारखंच. तरीही x = 1 + e⁻ᵗ हे या समीकरणाचं उत्तर आहे, घालून पाहा. वस्तू मध्यावर न येता १ वर अडकते. घर्षण इतकं चढतं, की स्प्रिंगला तिला खेचून आणायला वेळच मिळत नाही. अशा व्यवस्थांसाठी सहसा बार्बालातची उपपत्ती वापरतात, पण तीही बहुतेक वेळा V' शून्याकडे जातं इथपर्यंतच नेते.

आणि किती वेळात थांबेल, हे अपरिवर्तन तत्त्व सांगत नाही. लहान हेलकाव्यांसाठी समीकरण सरळ सोडवलं, तर आपल्या लंबकाचा हेलकावा साधारण e^(−0.25t) या दराने आटतो, म्हणजे जवळपास २.८ सेकंदांत निम्मा होतो. हा आकडा V' मधून नाही, वेगळ्या हिशेबातून येतो. ऊर्जेच्या मार्गानेच तो हवा असेल, तर V मध्ये θω सारखं एक लहान पद मिसळून V' सगळीकडे नक्की ऋण होईल असं नवं फल घडवावं लागतं. ते जमतं, पण गुणांक नीट निवडावे लागतात, आणि लंबक थांबतो एवढंच दाखवायचं असेल तर तो खटाटोप करायची गरज पडत नाही.