कॉलर माईक: वायर होती तेव्हापासून वायर गेली तिथपर्यंत

हल्ली हर्णै, मालवण, रत्नागिरी कुठल्याही बंदरावर बघा, कोणीतरी मोबाईल धरून मुलाखत घेत असतो आणि समोरच्या तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, टीशर्टावर काडेपेटीएवढी काळी डबी, म्हणजे माईक, चिकटवलेली असते. घरी येऊन ऐकलं की अर्धा आवाज वाऱ्याचा, पाव भाग खरखर, आणि मधेच दोन शब्द गायब. मग ग्रुपवर प्रश्न, वायरचा घेऊ का वायरलेस? याचं उत्तर नीट कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण माईक लावताना आज आपण ज्या चुका करतो त्यातल्या बऱ्याचशा ही डबी जन्मली तेव्हापासूनच्या आहेत.

सुरुवातीला अंगावरचा माईक म्हणजे गळ्यात दोरीने अडकवलेली नळी. १९५३ साली इलेक्ट्रो-व्हॉईस कंपनीचा ६४७ए आला, तो असाच. टीव्ही नवीन होता, बोलणाऱ्याचे हात मोकळे हवेत आणि तोंडासमोर दांडा नको, एवढीच गरज. नळी छातीवर टेकायची. छातीजवळ आवाज जाडा, घुमल्यासारखा येतो आणि स, श, च ची धार जाते, कारण ती धार तोंडासमोर सरळ जाते, हनुवटीखाली फार कमी पोचते. त्यामुळे अंगावरच्या माईकला वरच्या पट्टीत थोडा उठाव देण्याची पद्धत पडली. गंमत म्हणजे त्याच वर्षी शुअर कंपनीने व्हॅगाबाँड ८८ नावाचा वायरलेस माईकपण आणला होता, ट्यूबवर चालणारा, महाग, आणि तो फारसा चालला नाही.

खरा फरक पडला इलेक्ट्रेटमुळे. १९६२ मध्ये बेल लॅब्समधल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी असा पातळ पडदा वापरून माईक केला ज्यात विजेचा भार कायमचा कोंडलेला राहतो, म्हणजे त्यासाठी बाहेरून मोठा व्होल्टेज द्यायला नको, छोटा सेल पुरतो. त्यावरून १९६९ मध्ये सोनीचा ईसीएम-५० आला आणि दोरी सुटून टायला चिमटा लागला. आजचा सहाशे-सातशेचा वायरवाला कॉलर माईक मूळ तत्त्वात तोच आहे.

आता महत्त्वाचं. त्या काळात वायर असो वा वायरलेस, छातीवर लागायचा तो माईक सारखाच. वायरलेसमध्ये फक्त माईकची वायर कॅमेऱ्यापर्यंत न जाता कमरेच्या पट्ट्यावरच्या ट्रान्समीटरमध्ये जायची, तो आवाज रेडिओ लहरींनी पाठवायचा आणि कॅमेऱ्याजवळचा रिसीव्हर पकडायचा. म्हणजे माईकला जिथे आवाज चांगला मिळतो तिथे माईक, आणि अँटेनाला जिथून रिसीव्हर दिसतो तिथे डबा, दोघांच्या जागा वेगळ्या. मोबाईल आला तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनी वायरवालाच घेतला, बोया बीवाय-एम१ सारखा सहा मीटर वायरचा, ज्याच्या डबीवर मोबाईल आणि कॅमेरा असं बटण असतं (कॅमेऱ्याला लावून बटण मोबाईलवर ठेवलं की आवाज शून्य, आणि दोष माईकला). मग २०१९ मध्ये रोडचा वायरलेस गो आला. त्याच्या ट्रान्समीटरच्या डबीतच माईक होता आणि डबीच सरळ कॉलरला लावायची. बाहेरचा माईक जोडायला त्यात भोक होतं, पण ते कोण वापरतो! नंतरच्या स्वस्त कंपन्यांनी बऱ्याचदा ते भोकच काढून टाकलं. माईक आणि रेडिओ एका डबीत आले आणि इथेच घोळ झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

हर्णैचंच उदाहरण घ्या. दुपारची वेळ, खारा वारा समुद्राकडून येतोय, तुम्हाला मागे सुवर्णदुर्ग दिसायला हवा म्हणून तांडेलाला समुद्राकडे पाठ करून उभं केलंय आणि कॅमेरा जमिनीच्या बाजूला. नकळत छान झालं, कारण वारा त्याच्या पाठीवर बसतोय, छातीवरचा माईक अंगाच्या आडोशाला आहे आणि डबी रिसीव्हरच्या समोर आहे. आवाज मस्त. मग तुम्ही विचारता, तुमची बोट कुठली? तो समुद्राकडे वळून हात करून दाखवतो. आता एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या, छातीवर वारा थेट आदळला आणि डबी न् रिसीव्हरच्या मधे अख्खा माणूस आला. या डब्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माणूस म्हणजे बहुतांश पाणी, ते या लहरी खातं. खोक्यावर दोनशे मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानात समोरासमोर, पाठ केलेल्या माणसासाठी नाही. त्यात लिलावाच्या गर्दीत वायफाय, ब्लूटूथ सगळे त्याच पट्ट्यात.

मग सहा मीटरची वायर? ओल्या जेटीवर, टोपल्या डोक्यावर घेऊन धावणाऱ्या बायकांच्या मधे? नको. ती घराच्या पडवीत, माणूस खुर्चीत बसलेला असेल तर, आणि तिथे मी वायरच वापरेन, चार्जिंग नको न् सिग्नल नको. बंदरावर सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे, वायरवाला माईक दुसऱ्या मोबाईलला लावायचा, तो मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग सुरू करून तांडेलाच्याच खिशात ठेवायचा, आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची म्हणजे एडिटला आवाज जुळवता येतो. फार लांब रेकॉर्डिंग असेल तर आवाज हळूहळू सरकतो, म्हणून अधेमधे परत टाळी.

लावण्याच्या चुकांचं म्हणाल तर पहिली अंतराची. हनुवटीखाली साधारण वीतभर ही जागा. डबी जड, टीशर्टाला कॉलर नाही, म्हणून लोक ती पोटाजवळ लावतात, आणि अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, मग गेन, म्हणजे आवाज पकडण्याची पातळी, वाढवा, की लाटा न् इंजिनं वर आलीच. टीशर्टाला चुंबक बरा पडतो, पण म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, छातीत पेसमेकर असेल तर चुंबक अजिबात नको.

दुसरी चूक, माईकवर चढवायचा स्पंज आणि केसाळ टोपी एकच समजणं. स्पंज श्वासाच्या फुंकरीपुरता, समुद्राच्या वाऱ्याला केसाळच हवी. नॉईज कॅन्सलचं बटण दाबून वारा जात नाही, उलट बोलणं डब्यातल्यासारखं होतं.

हेडफोन लावून ऐकलं तर काय बिघडलंय ते जागेवरच कळतं. धप्प धप्प जाडा आवाज असेल तर वारा. माणूस हलला की खरखर होते तर कपडा किंवा चेन घासतेय, आणि वायरवाला असेल तर चिमट्याखाली वायरचा एक वेटोळा करून अडकवा म्हणजे खालची ओढ माईकपर्यंत पोचत नाही. अक्षरंच मधून कापली जातायत तर सिग्नल, तिथे कपडे चाचपण्यात अर्थ नाही, रिसीव्हर हलवा.

नऊवारीतल्या आजींना लावायचा तर पदराला लावू नका, तो सारखा सरकतो न् त्या सारखा सावरतात. ब्लाऊजच्या गळ्याला लावा, आणि तो त्यांच्या सुनेला नाहीतर नातीला लावायला सांगा. मंगळसूत्र माईकच्या खाली राहील इतकं वर लावायचं, नाहीतर प्रत्येक मान हलवण्याला मणी वाजतात. आणि तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला बसणार असाल तर माईकही किंचित डावीकडे, कारण बोलताना त्या तुमच्याकडेच बघणार.