फाइव्ह स्टारचे पैसे दोन वर्षांत सुटतात?

‘फ्रिज घ्यायचा तर फाइव्ह स्टारच, जास्तीचे पैसे दोन वर्षांत बिलातच वसूल,’ असा सल्ला हमखास मिळतो.

तारे सोडा, लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. समजा, रत्नागिरीच्या दुकानात 190 लिटरचे, एका दाराचे दोन फ्रिज आहेत. थ्री स्टारवर 150 युनिट, फाइव्ह स्टारवर 110. फरक वर्षाला 40 युनिटांचा. आठ रुपये युनिट धरलं, तर बचत 320 रुपये. किमतीत फरक चार हजारांचा असेल, तर वसुलीला साडेबारा वर्षं! फरक हजाराचाच असेल, तर मात्र फाइव्ह स्टार बिनधास्त घ्या. आपला दर बिलावरून काढा: आपला वापर ज्या शेवटच्या टप्प्यात पोचतो त्याचा दर, त्यात युनिटमागचा वहन आकार मिळवा.

शिवाय तारे त्या-त्या आकाराच्या आणि प्रकारच्या फ्रिजपुरते असतात. त्यामुळे दोन दारांचा मोठा फाइव्ह स्टार छोट्या थ्री स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची बचतही त्याच आकड्यात आलेली असते, ती पुन्हा वेगळी मोजू नका.

दोन दारांचा मी घेतला तो विजेसाठी नव्हे. पावसाळ्यातल्या दमट हवेत एकदारीच्या फ्रीजरमध्ये बर्फ साचून बांगड्याची पिशवी चिकटायची.