कंपनीतून संचालकाला किंवा दुसऱ्या कंपनीला कर्ज: कोणाला चालते, कागद कोणते लागतात, चुकले तर काय होते

भोसरीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांसमोर आणा. दोन भाऊ संचालक, दोघेच भागधारक, वाटा निम्मा-निम्मा. थोरल्याला फ्लॅटच्या बुकिंगसाठी २५ लाख हवेत. धाकट्याची शिरवळला आणखी एक प्रायव्हेट कंपनी आहे, तिला यंत्र घ्यायला ६० लाख हवेत. भोसरीच्या कंपनीच्या खात्यात पैसे आहेत. दोघांचे म्हणणे एकच: पैसा आपलाच, या खिशातून त्या खिशात.

कंपनी कायदा, २०१३ हे मानत नाही. त्याच्या लेखी पैसा कंपनीचा, आणि कंपनी म्हणजे हे दोघे नव्हेत. कलम १८५ संचालकांशी जोडलेल्या कर्जांबद्दल आहे आणि कलम १८६ एकूण कर्जे, हमी आणि गुंतवणुकीच्या मर्यादेबद्दल. एकच व्यवहार दोन्ही कलमांत सापडू शकतो. बरेच जण एक पाहतात आणि दुसरे विसरतात.

थोरल्याचे २५ लाख

याला सरळ मनाई आहे. कंपनीने आपल्या किंवा आपल्या होल्डिंग कंपनीच्या संचालकाला, त्याच्या भागीदाराला किंवा नातेवाइकाला कर्ज द्यायचे नाही. त्यांनी बाहेरून काढलेल्या कर्जाला हमी किंवा तारणही द्यायचे नाही. संचालक किंवा त्याचा नातेवाईक भागीदार असलेली फर्मही यात आली. नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य. म्हणजे पैसे वहिनींच्या खात्यावर पाठवले तरी उत्तर तेच. ठराव करूनही ही मनाई उठत नाही.

कायद्यात ‘येणे रकमेच्या रूपातले कर्ज’ असेही शब्द आहेत, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. कोणी कर्जाचा करार करत नाही. संचालकाच्या घरचा खर्च, मुलाची फी, गाडीचा हप्ता कंपनीच्या खात्यातून जातो आणि हिशेबात ‘संचालक चालू खाते’ म्हणून नावे पडत राहतो. मार्चअखेर त्या खात्याची नावे बाकी पाच-सात लाखांवर गेली की ऑडिटर ते कर्ज म्हणून वाचतो. उलट, प्रत्येक उधारी कर्ज होत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका जुन्या प्रकरणात कंपनीने संचालकाला फ्लॅट विकून किमतीचा काही भाग हप्त्यांनी घ्यायचे ठरवले होते. ती खरी विक्री आहे, कर्ज नाही, असा निर्णय लागला. पण तिथे खरोखर काहीतरी विकले गेले होते, हे लक्षात ठेवा.

मग थोरल्याने काय करावे? त्याने पूर्वी कंपनीला स्वतःचे पैसे उसने दिले असतील तर ते परत घेता येतात. पगार, बोनस, लाभांश हे मार्ग आहेतच, त्यावर कर भरायचा. तो व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असेल तर आणखी एक वाट आहे: सर्व कर्मचाऱ्यांना मिळते त्या सेवाशर्तीप्रमाणे कर्ज, किंवा भागधारकांनी विशेष ठरावाने, म्हणजे किमान तीन-चतुर्थांश मतांनी, मंजूर केलेल्या योजनेखालचे कर्ज. योजना आधी, पैसे नंतर. पैसे उचलून झाल्यावर योजना लिहायला माझ्याकडे येणारे लोक कमी नाहीत.

छोट्या प्रायव्हेट कंपनीची सूट

‘प्रायव्हेट कंपनीला १८५ लागत नाही’ हे अर्धे खरे आहे. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने सूट मिळाली, पण तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. भागभांडवलात दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा किंवा तशा निगमित संस्थेचा पैसा नको, एक शेअरही नको. बँका, वित्तसंस्था आणि इतर कंपन्यांकडून घेतलेले कर्ज भरणा झालेल्या भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा ५० कोटींपेक्षा, यातल्या कमी रकमेपेक्षा, कमी हवे. आणि व्यवहाराच्या वेळी त्या कर्जाची थकबाकी नको. १३ जून २०१७ ला चौथी अट आली: ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे भरण्यात कसूर झालेली नसावी.

आपल्या कंपनीचे भरणा भांडवल ४० लाख धरा. दुप्पट म्हणजे ८० लाख. बँकेची कॅश क्रेडिट आणि मुदत कर्ज मिळून ९५ लाख देणे आहे. सूट गेली. आपल्याकडे कंपन्या लहान भांडवलावर काढतात आणि बँकेच्या पैशावर चालवतात, त्यामुळे बऱ्याच जणांची सूट याच अटीवर अडते. संचालकांनी स्वतः दिलेले पैसे मात्र या मोजणीत येत नाहीत.

धाकट्याच्या कंपनीचे ६० लाख

७ मे २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा दरवाजा उघडला. ज्या प्रायव्हेट कंपनीत आपला संचालक हा संचालक किंवा सभासद आहे, किंवा ज्या निगमित संस्थेत आपल्या संचालकांच्या हाती २५ टक्के किंवा जास्त मते आहेत, तिला कर्ज देता येते. दोन अटी: विशेष ठराव हवा, आणि घेणाऱ्या कंपनीने पैसा तिच्या मुख्य व्यवसायासाठीच वापरायला हवा. यंत्र खरेदी चालेल. त्या पैशातून जमीन घेऊन ठेवणे किंवा तोच पैसा पुढे धाकट्याच्या खात्यावर वळवणे चालणार नाही, कारण ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द कलमात आहे.

आता कलम १८६ चे गणित. मर्यादा दोन आकड्यांपैकी मोठ्या आकड्याची असते. पहिला आकडा म्हणजे भांडवल, मुक्त राखीव निधी म्हणजे लाभांश म्हणून वाटता येईल असा साठवलेला नफा, आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेचे ६० टक्के. दुसरा म्हणजे मुक्त राखीव निधी आणि प्रीमियम यांचे १०० टक्के. भांडवल ४० लाख, राखीव निधी ९० लाख, प्रीमियम ३० लाख धरले तर बेरीज १६० लाख आणि तिचे ६० टक्के ९६ लाख. दुसरा आकडा १२० लाख. म्हणून मर्यादा १२० लाख. यात आधीची कर्जे, हमी, तारणे आणि घेतलेले शेअर सगळे मोजायचे. कंपनीने पूर्वीच दुसरीकडे ७० लाखांचे शेअर घेतलेले असतील तर उरतात ५० लाख. ६० लाख द्यायचे म्हणजे मर्यादा १० लाखांनी ओलांडते, आणि १८६ खालीही विशेष ठराव आधी लागतो. दोन्ही ठराव एकाच सभेत घ्या, पण वेगळे लिहा.

कागद कोणत्या क्रमाने

सुरुवात MBP-1 या फॉर्मपासून. धाकट्याने शिरवळच्या कंपनीतला आपला हितसंबंध त्यात लिहून दिलेला हवा. मग संचालक मंडळाची सभा. १८६ खाली हजर असलेल्या सर्व संचालकांची संमती लागते, बहुमत पुरत नाही, आणि सभा न घेता कागद फिरवून सह्या घेतलेल्या ठरावाने काम होत नाही. प्रायव्हेट कंपनीत हितसंबंध उघड केल्यावर धाकट्याला सभेत भाग घेता येतो. सार्वजनिक वित्तीय संस्थेचे मुदत कर्ज चालू असेल तर तिची पूर्वसंमती लागते. मर्यादेच्या आत असाल आणि हप्ते थकलेले नसतील तरच ती माफ. आपण मर्यादा ओलांडतो आहोत, म्हणून हे तपासा. बँकेचे मंजुरीपत्रही काढून वाचा. भगिनी कंपनीला पैसे देऊ नयेत, अशी अट त्यात बऱ्याचदा असते.

नंतर सर्वसाधारण सभा. नोटीस २१ पूर्ण दिवसांची, किंवा आवश्यक सभासदांची कमी मुदतीला लेखी संमती. नोटिशीसोबतच्या स्पष्टीकरणात कोणाला, किती, कशासाठी, किती मुदतीने आणि किती व्याजाने, हे सगळे यायला हवे. ‘व्यवसायाच्या गरजेसाठी’ एवढे एक वाक्य लिहून भागत नाही. ठरावानंतर ३० दिवसांत निबंधकाकडे MGT-14 हा फॉर्म भरायचा.

व्याज शून्य ठेवता येत नाही. कर्जाच्या मुदतीला सर्वांत जवळच्या १, ३, ५ किंवा १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा जो परतावा चालू असेल, त्यापेक्षा दर कमी नको. तीन वर्षांचे कर्ज असेल तर तीन वर्षांच्या रोख्याचा त्या दिवसाचा दर छापून फाइलला लावा. करार करा, पैसे बँकेतूनच पाठवा, आणि सात दिवसांत MBP-2 नोंदवहीत नोंद करा. शिरवळच्या कंपनीकडून यंत्राचे बिल आणि वापराचे पत्र घ्या. पुढे वाद झाला तर पैसा मुख्य व्यवसायात गेल्याचा पुरावा तोच.

कंपनीने ठेवी परत करण्यात किंवा त्यांच्या व्याजात कसूर केली असेल, तर ती कसूर चालू असेपर्यंत असे कर्ज देताच येत नाही.

एक करविषयक खाच इथेच सांगतो. मोजक्या लोकांच्या हातातल्या कंपनीने १० टक्के किंवा जास्त मते असलेल्या भागधारकाला, किंवा त्याचा भरीव वाटा असलेल्या दुसऱ्या संस्थेला कर्ज दिले, तर साठलेल्या नफ्याइतकी रक्कम आयकरात लाभांश धरली जाऊ शकते. कंपनी कायद्याचे कागद चोख असले तरी हे टळत नाही. धाकट्याचे दोन्हीकडे वजन आहे, म्हणून पैसे सोडण्याआधी सीएंकडून लेखी मत घ्या.

चुकले तर

१८५ मोडले तर कंपनीला ५ ते २५ लाख दंड. जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ ते २५ लाख दंड. कर्ज घेणाऱ्यालाही तेच, किंवा दोन्ही. म्हणजे थोरल्याने २५ लाख उचलले आणि दोघे संचालक जबाबदार ठरले, तर कमीत कमी दंडच धरला तरी कंपनीचे ५ आणि दोघांचे ५-५ असे १५ लाख होतात. १९५६ च्या कायद्यात पूर्ण परतफेड झाली असेल तर कैद होत नसे. आताच्या कलमात ती सवलत नाही, त्यामुळे पैसे परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही.

१८६ मोडले तर कंपनीला २५ हजार ते ५ लाख, आणि अधिकाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते १ लाख दंड. रक्कम छोटी दिसते, पण ‘आणि’ पाहा. तडजोडीने मिटवण्याची कलम ४४१ ची सोय, कैद आणि दंड दोन्ही अनिवार्य असलेल्या गुन्ह्याला मिळत नाही. १८५ च्या अधिकाऱ्याला ‘किंवा’मुळे ती मिळते, १८६ च्या अधिकाऱ्याला नाही. मोठ्या दंडाचे कलम मिटवता येते आणि छोट्या दंडाचे न्यायालयात जाते.

हे उघड बहुतेक वेळा ऑडिटमधूनच होते. ज्या कंपन्यांना ऑडिट अहवालाबाबतचा सरकारी आदेश, म्हणजे कारो, २०२० लागू आहे, त्यांच्या ऑडिटरला १८५ आणि १८६ पाळले की नाही हे अहवालात वेगळे लिहावे लागते, आणि तो अहवाल निबंधकाकडे जातो.

नावे बाकी वर्ष संपण्याआधीच लक्षात आली तर क्रम असा ठेवा. आधी पैसे व्याजासह बँकेतून परत आणा. मग संचालक मंडळाच्या इतिवृत्तात कारण आणि परतफेडीची तारीख नोंदवा. नंतर GNL-1 या फॉर्मने तडजोडीचा अर्ज निबंधकामार्फत करा. कमाल दंड २५ लाखांच्या आत असल्याने १८५ चा अर्ज प्रादेशिक संचालकांकडे निकाली निघतो. निबंधकाची नोटीस येईपर्यंत थांबू नका. आणि मागच्या तारखेचा ठराव तर कधीच करू नका: MGT-14 भरल्याची तारीख यंत्रणेत राहते, आणि खोट्या निवेदनाचे कलम ४४८ या सगळ्यापेक्षा जड आहे.