एक लस, तीन पी-व्हॅल्यू

सप्टेंबर २००९ मध्ये बँकॉकमधून एक बातमी जगभर गेली. एचआयव्हीपासून थोडंफार का होईना, संरक्षण देणारी लस पहिल्यांदाच सापडली होती. थायलंडच्या रायोंग आणि चोनबुरी या दोन प्रांतांमध्ये १६,४०२ तरुण-तरुणींवर ही चाचणी झाली होती. अर्ध्यांना लस दिली, अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सुई. कोणाला काय मिळालं हे ना टोचून घेणाऱ्याला माहीत होतं, ना टोचणाऱ्याला. चाचणीचं नाव आरव्ही १४४. प्रत्येकावर सुमारे तीन वर्षं नजर ठेवली गेली आणि शेवटी मोजणी झाली: प्लासिबोवाल्यांपैकी ७४ जणांना लागण, लसवाल्यांपैकी ५१ जणांना.

७४ च्या जागी ५१, म्हणजे २३ कमी. २३ ला ७४ ने भागलं की ३१ टक्के येतात. बातमीतला 'लस ३१ टक्के परिणामकारक' हा आकडा असा आला. शोधनिबंधात त्याच्या शेजारी आणखी एक छोटा आकडा होता: p = 0.04. सांख्यिकी न शिकलेला वाचक सहसा हा आकडा ओलांडून पुढे जातो. फार तर '०.०५ पेक्षा कमी आहे, म्हणजे सिद्ध झालं' एवढं मनाशी धरतो. त्या आकड्याचा खरा अर्थ याहून साधा आहे, आणि याहून बराच तोकडाही.

क्षणभर असं धरून चालू की लस अगदी निरुपयोगी होती, नुसतं पाणीच. तरीही एकूण १२५ लोकांना लागण झालीच असती. दोन्ही गट सारख्याच आकाराचे आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले होते. त्यामुळे लागण झालेला प्रत्येक माणूस लसवाल्या गटात निघेल की प्लासिबोवाल्या, हा निव्वळ छापा-काटा झाला असता. म्हणजे प्रश्न इतकाच उरतो: एक सरळ नाणं १२५ वेळा उडवलं तर छापा आणि काटा यांच्यात ५१-७४ एवढी किंवा याहून मोठी तफावत किती वेळा पडेल?

सरासरी साडेबासष्ट छापे यायला हवेत, पण नेमके तेवढे कधीच येत नाहीत. कधी ५८ येतात, कधी ६६. ५१ इतके कमी किंवा ७४ इतके जास्त छापे शंभरातल्या साधारण पाच खेपांना येतात. शोधनिबंधातली पद्धत नाण्याहून थोडी वेगळी होती. लागण चाचणीच्या सुरुवातीला झाली की शेवटी, हेही तिने हिशोबात धरलं. तिचं उत्तर आलं शंभरात चार, म्हणजेच ०.०४.

पी-व्हॅल्यू म्हणजे एवढंच: लसीत काहीही दम नसता, तर केवळ चिठ्ठ्यांच्या खेळाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. वाक्यातला 'दम नसता तर' हा भाग सोडला की सगळा घोळ सुरू होतो.

त्या वेळी अनेकांनी ०.०४ चा अर्थ 'लस निरुपयोगी असण्याची शक्यता फक्त चार टक्के' असा लावला. ऐकायला तीच गोष्ट वाटते, पण तशी ती नाही. जोरदार पाऊस पडला तर रस्ता ओला होणार, हे नक्की. पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊस पडलाच असं म्हणता येत नाही. जुलैत कोकणातला रस्ता ओला असेल तर कोणी दुसरा विचारही करणार नाही. मे महिन्यात मराठवाड्यात तसाच ओला रस्ता दिसला, तर आपण आधी टँकर कुठे गळला ते पाहू. रस्त्याचा ओलावा दोन्हीकडे सारखाच, निष्कर्ष मात्र आधीच्या माहितीवर ठरला. ही आधीची माहिती पी-व्हॅल्यूत कुठेही नसते. तिला महिना ठाऊक नाही की जिल्हा.

एचआयव्हीच्या लसीसाठी तेव्हा मे महिनाच होता. आरव्ही १४४ मध्ये दोन लसी एकापाठोपाठ एक दिल्या होत्या. त्यातली एक, एड्सव्हॅक्स, एकटी वापरल्यावर आधीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये २००३ साली फसली होती. जानेवारी २००४ मध्ये २२ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून या थाई चाचणीला पुरेसा वैज्ञानिक आधार नाही असा आक्षेप घेतला होता. २००७ मध्ये दुसऱ्या एका लसीची मोठी चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली होती.

अशा काळात ०.०४ ला किती वजन द्यायचं, हे एका काल्पनिक हिशोबातून कळतं. समजा शंभर लसींची चाचणी केली, आणि त्यातल्या फक्त दोनच खरोखर चालणाऱ्या आहेत. त्या दोन्ही सापडल्या असं उदार मनाने धरू. उरलेल्या ९८ निरुपयोगी लसींपैकी सुमारे पाच केवळ नशिबाने ०.०५ च्या आत येतील. त्यातल्या निम्म्यांमध्ये लस उलट घातक दिसेल, म्हणून त्या सोडून द्या. उरल्या दोन-तीन. म्हणजे जाहीर झालेल्या चार-पाच 'यशस्वी' लसींपैकी निम्म्या पोकळ. प्रत्येकीच्या शोधनिबंधात पी-व्हॅल्यू नियमाप्रमाणे ०.०५ च्या आतच असेल, आणि कोणीही खोटं बोललेलं नसेल. चालणाऱ्या लसी दोनऐवजी पन्नास असत्या, तर हाच ०.०४ डोळे मिटून स्वीकारण्याजोगा ठरला असता.

हा ०.०५ चा उंबरठा आला कुठून? ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात 'विसात एक' ही सोयीची सीमा म्हणून सुचवली होती. शेतीच्या प्रयोगांचे तक्ते वाचायला ती बरी पडायची. निसर्गात अशी कोणतीही रेघ नाही. तरी सवयीने तिला परीक्षेतल्या पासिंगच्या गुणांसारखा मान मिळाला. ३५ मिळाले की पास, ३४ ला नापास.

या रेघेचं हसू कसं होतं, तेही याच चाचणीत दिसतं. बँकॉकची बातमी फक्त ०.०४ घेऊन आली होती. महिनाभराने पूर्ण शोधनिबंध आला, तेव्हा त्यात एकाच चाचणीच्या तीन पी-व्हॅल्यू निघाल्या.

पहिल्या मोजणीत चिठ्ठीत नाव निघालेले सगळेच्या सगळे १६,४०२ जण धरले होते. त्यात लागण झालेले लसगटात ५६ आणि प्लासिबोत ७६. पी-व्हॅल्यू ०.०८. दुसऱ्या मोजणीत सात जण वगळले, कारण पहिली सुई टोचण्याआधीच त्यांच्या शरीरात एचआयव्ही होता असं जपून ठेवलेल्या रक्ताच्या तपासणीत आढळलं. या सातांपैकी पाच लसगटातले होते आणि दोन प्लासिबोतले. ते काढले की उरले ५१ आणि ७४. पी-व्हॅल्यू ०.०४. तिसऱ्या मोजणीत ठरल्या वेळी सगळ्या सुया घेतलेले तेवढेच, म्हणजे साडेबारा हजार लोक धरले. तिथे ३६ आणि ५०. पी-व्हॅल्यू ०.१६.

सोळा हजारांत फक्त सात माणसं इकडची तिकडे झाली आणि लस नापासची पास झाली. त्यांना वगळण्यात लबाडी नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. ज्यांना आधीच लागण झाली आहे त्यांना लस वाचवू शकत नाही, त्यामुळे त्यांना सोडणं रास्तच होतं. पण तीनपैकी एकच आकडा आधी जाहीर करणं अनेकांना खटकलं, आणि मलाही ते खटकतं. कोणताही निबंध वाचताना 'याच माहितीवर आणखी किती प्रकारे हिशोब केला, आणि त्यांचं काय झालं?' हे म्हणूनच शोधावं. सहसा ते दुसऱ्या-तिसऱ्या तक्त्यात असतं. नसलं, तर तीही एक माहितीच.

आता याच तीन मोजण्यांकडे पी-व्हॅल्यू झाकून बघा. लसीने लागण किती कमी केली? पहिल्या हिशोबात २६ टक्के, दुसऱ्यात ३१, तिसऱ्यात पुन्हा २६. तिन्ही उत्तरं जवळपास सारखीच! पी-व्हॅल्यू मात्र ०.०४ पासून ०.१६ पर्यंत भटकली. तिसरी ०.१६ वर का गेली? लस तिथे फारशी कमजोर ठरली म्हणून नव्हे, तर माणसं कमी झाल्यामुळे. १२५ ऐवजी ८६ वेळाच नाणं उडवलं, तर नशिबाचा गोंगाट वाढतो आणि तोच फरक त्यात बुडतो. म्हणून मोठी पी-व्हॅल्यू पाहून 'लस निरुपयोगी ठरली' असं म्हणणं चूक आहे. 'एवढ्या माहितीतून सांगता येत नाही' इतकंच म्हणता येतं.

त्याऐवजी शेजारच्या कंसात असलेली जोडी वाचावी. तिला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. मधल्या मोजणीत ती होती १ ते ५२ टक्के. ढोबळ अर्थ असा की हाती आलेली माहिती एक टक्का संरक्षणाशी जुळते, आणि बावन्न टक्के संरक्षणाशीही. एक टक्का म्हणजे नसल्यातच जमा. बावन्न टक्के म्हणजे लाखो लोकांचा जीव. बातमीतला '३१ टक्के' हा आकडा एवढ्या रुंद पट्ट्याच्या पोटातला होता. पहिल्या मोजणीत तर हा पट्टा शून्याच्याही खाली, उणे चारपर्यंत गेला होता. 'पास' आणि 'नापास' यांच्यातला फरक तेवढाच: पट्ट्याचं टोक शून्याच्या किंचित अलीकडे की किंचित पलीकडे.

फरक किती मोठा आहे, हेही पी-व्हॅल्यूतून कळत नाही. त्यासाठी मूळ मोजणीकडेच जावं लागतं. प्लासिबो गटात हजारामागे नऊ जणांना लागण झाली होती, लसगटात हजारामागे सहा जणांना. हजारात तीन हा फरक छोटा की मोठा, ते रोग कोणता, लसीची किंमत किती आणि दुसरा उपाय आहे का, यावर ठरतं. त्याचं उत्तर सांख्यिकीत नाही.

शंका असेल तर दुसरी चाचणी करणं हाच मार्ग उरतो. ती २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. लसीची आखणी तीच, पण तिथल्या विषाणूच्या प्रकाराप्रमाणे बदललेली, आणि शरीराची प्रतिक्रिया वाढवणारा मिश्रणातला घटकही वेगळा. ५,४०० हून अधिक लोक सहभागी झाले. जानेवारी २०२० मध्ये देखरेख समितीने मधला हिशोब उघडला आणि लस देणं थांबवायला सांगितलं. लसगटात १२९ जणांना लागण, प्लासिबोत १२३. सरळ नाणं २५२ वेळा उडवलं तर एवढी तफावत शंभरातल्या सत्तरहून अधिक खेपांना पडते.

यावरून थायलंडमधला ०.०४ निव्वळ नशीब होता असंही ठरत नाही. विषाणू वेगळा, लस थोडी वेगळी, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना लागणीचा धोका कितीतरी जास्त होता. थाई लसीचा परिणाम थोडा का होईना खरा होता असं मानणारे संशोधक आहेत, आणि तो आकड्यांचा खेळ होता असं मानणारेही. दोघांच्या हाती तेच ५१ आणि ७४ आहेत.