दुधाळ सीरम आणि कोरी जागा: ट्रायग्लिसराइड वेगळं, एलडीएल वेगळं

आखाजीला माहेरी आलेली तेवीस वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी अमळनेरला आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आली. आदल्या रात्री खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झालेला. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली तर वरचा थर, म्हणजे सीरम, नेहमीसारखा सोनेरी पिवळा नव्हता. तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका होता, पलीकडचं बोट दिसेना.

रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४४, ट्रायग्लिसराइड ४३८ आलं. एलडीएलच्या पुढची जागा कोरी होती. वडील म्हणाले, "पैसे पूर्ण घेतले आणि एक आकडा खाल्ला." सोबतच्या आत्याने २१४ वर बोट ठेवून निकाल दिला, "आते तूप बंद!" कुणी तरी घरातल्या काकांची कोलेस्टेरॉलची गोळी तिला सुरू करायचंही सुचवलं. तिघांनीही दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या होत्या.

ट्रायग्लिसराइड म्हणजे जळणाची चरबी. यकृत ती व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडतं. रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या साठ्यांना माल देत देत तो रिकामा होत जातो. मालाचा बराचसा भाग उतरला की उरतो तो लहान, कोलेस्टेरॉलने भरलेला कण, म्हणजे एलडीएल. तो परत यकृताने उचलायचा असतो. उचलला गेला नाही तर वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीत शिरत राहतो. भरलेले ट्रक मोठे असतात, म्हणून त्यांची गर्दी झाली की सीरम दुधाळ दिसतं. एलडीएल दुप्पट झालं तरी सीरम स्वच्छच राहतं, कारण ते कण फार लहान. म्हणून नुसत्या ट्यूबकडे पाहून मी ट्रायग्लिसराइडबद्दल अंदाज करतो, एलडीएलबद्दल कधीच नाही.

आता ती कोरी जागा. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग व्हीएलडीएल समजून तोही वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा पाचवा भाग खरा राहत नाही. इथे ४३८ चा पाचवा भाग साधारण ८८ येतो आणि वजाबाकीचं उत्तर ८२. चांगलं वाटतं, पण खोटं आहे. म्हणून आमचं सॉफ्टवेअर जागा कोरी सोडतं, आणि ते बरोबर करतं.

मी तिला विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? दोन होत्या. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन २० मिलिग्रॅम रोज एक कॅप्सूल, आणि गर्भनिरोधक गोळी, जिच्यात ३५ मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल आणि २ मिलिग्रॅम सायप्रोटेरोन. दोन्ही एकत्र देण्यामागे कारण असतं. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून गर्भनिरोधन सक्तीचं. पण ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत दोघी एकाच बाजूने गाडा ओढतात.

गोळीतलं इस्ट्रोजेन, म्हणजे एथिनिल इस्ट्राडिओल, यकृताला जास्त ट्रक भरायला लावतं. त्याच वेळी एलडीएल उचलणारे हातही यकृतावर वाढवतं. म्हणून अशा गोळीने ट्रायग्लिसराइड चढतं, पण एलडीएल फारसं चढत नाही, कधी उलट उतरतं. सोबतचं दुसरं हार्मोन, म्हणजे प्रोजेस्टिन, कोणतं यावर पुढचं ठरतं. माला-एनमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. ते इस्ट्रोजेनच्या या परिणामाला लगाम घालतं, ट्रायग्लिसराइड कमी चढू देतं, मात्र एलडीएलचा फायदाही पुसून टाकतं. सायप्रोटेरोनच्या गोळीला तसा लगाम नाही. नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळीने दोन्ही आकडे जवळजवळ जागचे हलत नाहीत.

आयसोट्रेटिनॉइन यकृतातून निघणारे ट्रक वाढवतं आणि माल उतरण्याचा वेगही कमी करतं. साधारण चारातल्या एका रुग्णात ट्रायग्लिसराइड वाढतं. कोलेस्टेरॉल वाढतं ते त्याहून बऱ्याच कमी जणांत. वाढ पहिल्या एक-दोन महिन्यांतच दिसते आणि औषध थांबलं की उतरते, म्हणून सुरू करण्यापूर्वीचा रिपोर्ट जपून ठेवावा. तिच्याकडे तो होता: एकूण १७२, एचडीएल ४७, ट्रायग्लिसराइड ११८, एलडीएल १०१.

मी बारा तास उपाशी राहून पुन्हा बोलावलं. आमरसाचा हिशेब निघाला आणि ट्रायग्लिसराइड ३५६ वर आलं. एकूण २०६, एचडीएल ४४. एलडीएल यावेळी वजाबाकीने न काढता थेट मोजलं, ते १०४ निघालं. म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल ३४ ने वाढलं, त्यात एलडीएलचा वाटा फक्त ३ चा. बाकी सगळं भरलेल्या ट्रकांतलं. काकांची गोळी मुख्यतः एलडीएल उतरवते, आणि ते वाढलेलंच नव्हतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईने ती परस्पर घेणं तर मुळीच बरं नाही.

तुपाचाही गोंधळ होताच. तूप मुख्यतः एलडीएल वाढवतं, ट्रायग्लिसराइडला साखर, गूळ, मैदा आणि दारू चढवतात. ती दिवसाला पाच कप गोड चहा घेत होती, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. आयसोट्रेटिनॉइनची साधी कॅप्सूल तर चरबीच्या जेवणासोबतच नीट शोषली जाते, उपाशीपोटी शोषण निम्म्याच्या आसपास येतं. कोरड्या भाकरीवर ठेवली असती तर आकडा कदाचित उतरला असता, पण औषधही कमी पोचलं असतं.

स्टिरॉइडचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे एकाच नावाखाली दोन औषधं आहेत. दम्याला किंवा सांध्यांना दिलेलं प्रेडनिसोलोन इन्सुलिनचं काम बिघडवतं. मग साखर आणि ट्रायग्लिसराइड बरोबर चढतात, एलडीएलही थोडं. जितका डोस, जितके दिवस, तितकी चढण. ते एकदम बंद मात्र करू नये. जिममधल्या अंग भरण्याच्या गोळ्या निराळ्या. त्यांनी एचडीएल कोसळतं, एलडीएल चढतं आणि ट्रायग्लिसराइड बहुधा शांत असतं. तसल्या पोराचं सीरम मला काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि रिपोर्ट त्या मुलीपेक्षा वाईट असतो.

भीती कसली धरायची, तेही दोन्हींत वेगळं आहे. एलडीएलचं नुकसान वर्षांनी दिसतं. ट्रायग्लिसराइड १००० च्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला काही दिवसांत सूज येऊ शकते. पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन पाठीत जाऊ लागली आणि उलट्या थांबेनात, तर थेट दवाखाना गाठायचा.

तिच्या त्वचारोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाई फोनवर बोलल्या. गोळीऐवजी तांबी बसवली, गर्भनिरोधनात एकही दिवस खंड न पाडता. कॅप्सूल होती तशीच, जेवणानंतर. चहा एका कपावर. सहा आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड १९२ आलं. पूर्वीच्या ११८ पेक्षा जास्तच, कारण कॅप्सूल चालू होती. त्या ट्यूबमधून मात्र मला पलीकडचं बोट दिसत होतं, आणि यावेळी एलडीएलची जागाही भरलेली होती. वडिलांनी आधी तीच तपासली.