फाटलेला फोटो कसा जुळतो: ब्लेड, क्लोन स्टॅम्प आणि २००२ चा हीलिंग ब्रश

फोटोवरचे डाग काढायचं काम कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते फोटोग्राफीइतकंच जुनं म्हणायला हरकत नाही. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगलने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या प्रिंट लोकांसमोर ठेवल्या, तेव्हापासून निगेटिव्हवर पेन्सिल चालवणं हा स्टुडिओचा रोजचा धंदा झाला. आपल्या आजी-आजोबांचे लग्नाचे फोटो ज्या काळात काढले गेले त्या काळात प्रत्येक चांगल्या स्टुडिओत कोणीतरी टचिंग करणारा असायचाच.

त्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असायची, पांढरा ठिपका आणि काळा ठिपका ही दोन वेगळी दुखणी आहेत. प्रिंट काढताना निगेटिव्हवर धूळ बसली की तिथला प्रकाश अडतो, म्हणजे कागदावर पांढरा ठिपका येतो, तो सोपा, एकदम बारीक कुंचल्याने पातळ काळा-करडा रंग थेंबाथेंबाने लावत आजूबाजूच्या टोनला आणायचं, बस. पण निगेटिव्हच्या इमल्शनवरच, म्हणजे चित्र धरणाऱ्या चांदीच्या थरावरच, ओरखडा गेला असेल तर तिथली चांदी खरवडली जाते, प्रकाश जास्त आत येतो आणि प्रिंटवर काळी रेघ उमटते, आणि काळ्यावर रंग लावून काय करणार? मग धारदार ब्लेडने कागदावरचं काळं हळूच खरवडून काढायचं आणि जास्त खरवडलं गेलं तर परत रंगाने भरायचं. आजही जुना फोटो तिरका धरून उजेडात बघितलात तर हे रंगाचे मॅट ठिपके आणि ब्लेडच्या खुणा दिसतात, आणि त्या स्कॅनमध्येही येतात. त्यामुळे स्कॅनमधला प्रत्येक डाग धुळीचाच असतो असं नाही, काही डाग त्या टचिंगवाल्याचे असतात आणि ते तसेच ठेवावेत असं माझं मत आहे.

कॉम्प्युटरवर पहिली मोठी सोय १९९० मध्ये आली, फोटोशॉपच्या पहिल्याच व्हर्जनमधला रबर स्टॅम्प, ज्याला आपण आता क्लोन स्टॅम्प म्हणतो. चांगल्या जागेचे पिक्सेल उचलायचे आणि डागावर छापायचे, सोपं. पण खरी अडचण अशी की जुन्या प्रिंटमध्ये सारखा टोन कुठेच नसतो, भिंत डावीकडे उजळ, उजवीकडे गडद, वर कागद पिवळा पडलेला, त्यामुळे चार मिलिमीटर लांबून उचललेला तुकडा डागावर ठेवला की डाग जातो आणि त्याच्या जागी ठिगळ दिसतं. आणि त्या वेळी एकच अनडू मिळायचा, बऱ्याच पायऱ्या मागे नेणारं हिस्टरी पॅलेट १९९८ मध्ये पाचव्या व्हर्जनला आलं. वेगळ्या लेयरवर काम करायची सोयही १९९४ पर्यंत नव्हती. त्या काळात ज्यांनी रिस्टोरेशनची कामं घेतली त्यांच्या चिकाटीला सलाम.

२००२ मध्ये फोटोशॉप ७ बरोबर हीलिंग ब्रश आला. अडोबीमधल्या टोडोर जॉर्जिएव्हचं नाव त्यामागच्या गणिताशी जोडलेलं आहे. आत होतं असं की तुम्ही दाखवलेल्या जागेतून तो फक्त पोत घेतो, म्हणजे कागदाचा दाणा, विणीचा बारीक चढउतार, आणि टोन मात्र डागाच्या कडेकडून घेऊन आत गुळगुळीत पसरवतो. म्हणून भिंतीचा उजळपणा कितीही बदलत असला तरी ठिगळ दिसत नाही. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पेरेझ, गाँगने आणि ब्लेक या तिघांनी पॉइसन समीकरण वापरून असंच तुकडे जोडणं प्रसिद्ध केलं, आज फुकट मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमधली 'हील' ह्याच विचारावर चालते.

पण टोन कडेकडून येतो ह्यातच त्याची खोट आहे. ब्रशची कड काळ्या केसांना किंवा कोटाला लागली की तो काळेपणाही कडेचाच टोन समजतो आणि गालावर करडा धूर पसरतो.

हे नीट कळायला नौपाड्यातल्या मावशीकडचा फोटो घेऊ, साठीच्या दशकातला लग्नाचा, सहा बाय चार इंच, ब्लॅक अँड व्हाइट, मधोमध फाटलेला. फाट वर काकांच्या काळ्या कोटाच्या खांद्यावरून खाली मावशीच्या साडीच्या काठावरून गेलेली. मावशीची एकच अट, "अगं, बाकी कसंही कर, काठ नीट दिसू दे, नारायणपेठ आहे ती!"

दोन्ही तुकडे एकाच दिशेने ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन केले, मध्ये थोडी फट ठेवून. एक तुकडा फिरवून ठेवायचा नाही कारण स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, सुरकुत्यांची सावली उलटी पडली की दोन भाग कधीच जुळत नाहीत. ६०० का, तर अर्ध्या मिलिमीटरची फाट ३०० ला सहा पिक्सेल रुंद होते आणि ६०० ला बारा, ब्रशला फिरायला जागा मिळते.

आता गंमत बघा. कागद फाटतो तो तिरका फाटतो, एका तुकड्याला पांढरी ओठासारखी कड राहते आणि वरचा चित्राचा थर दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेला असतो. म्हणजे ती पांढरी रेघ बघून चित्र गेलं असं वाटतं, पण ते पलीकडच्या तुकड्यावर असतं. तुकडे वेगळ्या लेयरवर घेतले, पांढऱ्या कडेचा खाली, दुसरा वर, आणि काठाची नक्षी जुळेपर्यंत सरकवले. निम्म्याहून जास्त फाट इथेच गायब झाली, एकही ब्रश न फिरवता. ज्यांनी आधी चिकटपट्टी लावून जोडलेला फोटो स्कॅन केला त्यांना हे करता येत नाही, म्हणून चिकटपट्टी लावूच नका.

उरलेल्या फटीवर नवीन रिकामा लेयर. भिंत आणि साडीचा सपाट भाग हीलिंगने. खांद्याच्या रेषेवर मात्र क्लोन स्टॅम्प, छोटा आणि कडक कडेचा, रेषेवरूनच नमुना उचलून रेषेवरच ठेवायचा. रेषेला लागून हील करायचंच असेल तर आधी रेषेच्या अलीकडे सिलेक्शन आखून घ्यायचं, मग पलीकडचा काळा आत गळत नाही. काठाची नक्षी काही सेंटिमीटरवर परत येते, तिथूनच क्लोन करून नक्षीवर नक्षी बसवली. २०१० पासून मिळणारं, रिकामी जागा आपोआप भरणारं कंटेंट अवेअर फिल इथे वापरून बघितलं तर त्याने काठाचं एक फूल दोनदा छापलं, मावशीने लगेच ओळखलं असतं.

धुळीच्या ठिपक्यांना 'डस्ट अँड स्क्रॅचेस' फिल्टर सगळ्या फोटोवर एकदम मारायचा मोह होतो, तो टाळा, तो डागाबरोबर डोळ्यातली चमक आणि कागदाचा दाणाही खातो, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. फिल्म स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ ओळखायची युक्ती आहे, ती रंगीत निगेटिव्हवर झकास चालते कारण रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो आणि धुळीतून जात नाही, पण ब्लॅक अँड व्हाइटमधली चांदीही तो अडवते, म्हणजे मशीनला सगळं चित्रच धूळ वाटतं. आपले जुने फोटो बहुतेक ह्याच जातीचे, त्यामुळे शंभर टक्के झूमवर पट्ट्यापट्ट्याने फिरत ठिपका न् ठिपका हाताने काढावा लागतो.

आणि ठाण्याच्या पावसाळ्यात फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो असेल तर ओढून काढू नका, ओलीने फोटोवरच्या चित्राच्या थरातलं जिलेटिन काचेला धरतं आणि चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.