व्यक्तिचित्राचे शैलीकरण : चष्मा, दाढी, केशरेषा व शिरोवस्त्र यांची यथार्थता

छायाचित्रातील व्यक्ती जलरंग, काष्ठमुद्रा, कोळशाचे रेखाटन किंवा कॉमिक अशा एखाद्या शैलीत नव्याने चितारण्याच्या क्रियेला व्यक्तिचित्राचे शैलीकरण म्हणतात. हे काम आज बहुतांशी प्रतिमानिर्मितीच्या संगणकीय प्रतिमानांकडून करून घेतले जाते आणि डोळे, नाक, ओठ ही प्रतिमाने बऱ्यापैकी सांभाळतात. त्यांच्या हातून निसटतात त्या कडेच्या गोष्टी : चष्म्याची चौकट, दाढीची सीमा, कपाळावर केस सुरू होतात ती रेषा आणि डोक्यावरचे वस्त्र. अशा वेळी चित्र देखणे असूनही ओळखीचा माणूस पाहताक्षणी म्हणतो, ‘हे ते नव्हेत.’ शैलीला मोकळीक कुठवर द्यावी, याचा एक नियम येथे उपयोगी पडतो. रेघ जाड काढायची की बारीक, सलग की तुटक, हे शैलीने ठरवावे. परंतु रेघ मुळात आहे की नाही, ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे मूळ माणसानेच ठरवलेले असते.

चेहऱ्याच्या बाह्य भागांचे हे महत्त्व मानसशास्त्रीय प्रयोगांतही दिसून आले आहे. एलिस, शेफर्ड आणि डेव्हिस यांनी 1979 मध्ये दाखवले, की अनोळखी चेहरा ओळखताना केस व चेहऱ्याची बाह्यरेषा अंतर्भागाइतकीच उपयोगी पडते, तर चेहरा परिचयाचा असेल तर डोळे-नाक-तोंड हा अंतर्भाग अधिक उपयोगी पडतो. परिचित चेहऱ्यांच्या बाबतीतही बाह्यरेषा गौण नसते. पवन सिन्हा व टोमासो पोग्गिओ यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छायाचित्रात अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन व उपराष्ट्राध्यक्ष अल गोर शेजारी उभे दिसतात. प्रत्यक्षात गोर यांच्या चेहऱ्याचा अंतर्भाग काढून तेथे क्लिंटन यांचाच बसवलेला आहे. तरीही केस, डोक्याचा आकार आणि प्रसंग यांच्या जोरावर पाहणारा दोन वेगळी माणसे ओळखतो. याचाच व्यत्यास शैलीकरणात घडतो : अंतर्भाग अचूक, पण केशरेषा बदललेली, आणि माणूस दुसराच.

या गोष्टी नेमक्या का निसटतात, याचे एक कारण मापाचे आहे. स्टेबल डिफ्युजनसारखी प्रतिमाने मूळ पिक्सेलांवर काम न करता प्रतिमेच्या आक्रसलेल्या रूपावर काम करतात. त्यांच्या आरंभीच्या आवृत्त्यांत 512 × 512 पिक्सेलांची प्रतिमा 64 × 64 चौकोनांत बसवली जाते, म्हणजे एका चौकोनात 8 × 8 पिक्सेल येतात. अशा प्रतिमेत चेहऱ्याची रुंदी 220 पिक्सेल असेल आणि प्रत्यक्ष चेहरा सुमारे 14 सेंटिमीटर रुंद असेल, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण 0.64 मिलिमीटर आणि एक चौकोन म्हणजे जवळपास 5 मिलिमीटर. दीड मिलिमीटर जाडीची धातूची चौकट अडीच पिक्सेलांहूनही कमी भरते, म्हणजे एका चौकोनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतही पोहोचत नाही. चौकोनात इतर माहितीही साठते हे खरे, पण इतक्या बारीक रेघेचा नेमका मार्ग त्यात खात्रीने टिकत नाही.

दुसरे कारण सरासरीचे आहे. चित्रातून चित्र काढताना मूळ प्रतिमेत गोंगाट, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळला जातो आणि तो टप्प्याटप्प्याने काढत नवे चित्र घडते. किती गोंगाट मिसळायचा हे ‘डिनॉइझिंग स्ट्रेंथ’ या 0 ते 1 मधील आकड्याने ठरते. तीस टप्प्यांच्या क्रियेत हा आकडा 0.6 ठेवला, तर साधारण अठरा टप्पे नव्याने घडवले जातात. आकडा जितका मोठा, तितकी मूळची बारीक माहिती गोंगाटात बुडते, आणि बुडालेली जागा प्रतिमान आपल्या प्रशिक्षणात सर्वाधिक पाहिलेल्या रूपाने भरून काढते. म्हणून अर्धचौकटीचा चष्मा पूर्ण चौकटीचा होतो, विरळ दाढी भरघोस होते, मागे सरकलेली केशरेषा पुढे येते. हे बदल एकाच दिशेने, नमुन्याकडे झुकणारे असल्यामुळे ते चूक म्हणून डोळ्यांना खुपत नाहीत, आणि धोका नेमका तेथेच असतो.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. पन्नाशीतील एका पुरुषाचे छायाचित्र काष्ठमुद्रेच्या शैलीत आणायचे आहे. चष्मा अर्धचौकटीचा आहे, म्हणजे वरच्या बाजूला धातूची पट्टी आणि खालच्या बाजूला काच केवळ पारदर्शक दोऱ्याने धरलेली. दाढी आखूड असून हनुवटीच्या डाव्या बाजूला पांढरा पट्टा आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागे गेले आहेत, उजवीकडे किंचित अधिक. 0.65 स्ट्रेंथवर पहिल्याच फेरीत काचेच्या खाली काळी जाड रेघ उमटते, पांढरा पट्टा हनुवटीच्या मध्यभागी येतो आणि दोन्ही कोपरे सारखे होतात.

येथे ‘चष्मा घातलेला माणूस’ अशी लेखी सूचना देऊन काहीही सुधारत नाही. उलट त्या शब्दाबरोबर ठळक, पूर्ण चौकटीचा सरासरी चष्मा आणखी जोराने येतो. शब्द वस्तूचे अस्तित्व सांगतात, तिचा मार्ग सांगत नाहीत. मार्ग चित्रातूनच द्यावा लागतो. त्यासाठी प्रथम चेहऱ्याचा भाग वेगळा कापून मोठा करावा. 1024 पिक्सेलांच्या चौकटीत चेहरा 600 पिक्सेल रुंद भरला, की तीच दीड मिलिमीटरची पट्टी सहा पिक्सेलांच्या पुढे जाते. मूळ छायाचित्रच लहान असेल तर ते नुसते ताणून नवी माहिती मिळत नाही, म्हणून मोठ्या मूळ प्रतीवरूनच कापणे आवश्यक आहे. नंतर कॅनीसारख्या कडाशोधक पद्धतीने रेषानकाशा काढून तो कंट्रोलनेट या प्रतिमानाला रेषांनी बांधून ठेवणाऱ्या जोडसाधनामार्फत मार्गदर्शक म्हणून द्यावा. हा नकाशा जसाच्या तसा देऊ नये. काचेच्या खालच्या कडेवर प्रकाश चमकत असेल तर कडाशोधक तेथे रेघ नोंदवतो, आणि प्रतिमान तिला चौकट समजते. तेवढी रेघ हाताने पुसावी, वरच्या पट्टीतील तुटलेले तुकडे जोडावेत. पाच मिनिटांचे हे हातकाम बाकीच्या कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक कामाचे ठरते.

चष्म्याबाबत आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. लघुदृष्टीच्या ऋण भिंगामागे डोळे लहान दिसतात आणि काचेतून दिसणारी गालाची कडा आत सरकलेली असते. दीर्घदृष्टीच्या धन भिंगामागे डोळे मोठे दिसतात. जाड भिंगाच्या चष्म्यात ही सरकलेली कडा त्या माणसाच्या चेहऱ्याचाच भाग होऊन गेलेली असते. प्रतिमान ती बहुधा चूक समजून सरळ करते आणि डोळे नेहमीच्या मापाचे काढते. आप्तांना असे चित्र पाहून काहीतरी बदलले आहे हे जाणवते, पण काय बदलले ते सांगता येत नाही.

दाढीची अडचण वेगळी आहे. चेहऱ्याचे भाग आपोआप ओळखून मास्क, म्हणजे एकेक भाग बाकीच्या चित्रापासून वेगळा करणारे आवरण, काढणारी अनेक साधने सेलेबए-मास्क-एचक्यू या चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या संचावर शिकवलेली आहेत. त्यातील एकोणीस वर्गांत केस, चष्मा, टोपी यांना स्वतंत्र जागा आहे, मात्र दाढीला नाही. त्यामुळे दाढी सामान्यतः त्वचेत मोजली जाते आणि ‘त्वचा गुळगुळीत रंगव’ या शैलीच्या आग्रहाला बळी पडते. दाढीचा मास्क म्हणूनच हाताने काढावा, आणि तिची गालावरची वरची सीमा, मिशीशी होणारा जोड व ओठाखालची मोकळी जागा या तीन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी. दाढीची ओळख तिच्या दाटपणापेक्षा या सीमांत अधिक असते. वरील उदाहरणातील पांढऱ्या पट्ट्यासाठी केवळ त्या मास्कपुरते इनपेंटिंग, म्हणजे तेवढाच भाग नव्याने रंगवणे, करून स्ट्रेंथ 0.35 च्या आसपास ठेवली, की पट्टा डाव्या बाजूलाच राहतो आणि काष्ठमुद्रेची कोरीव रेघही त्यात उतरते.

केशरेषा मोजता येते, आणि मोजावीच. भुवयांच्या मध्यापासून हनुवटीपर्यंतचे अंतर आणि भुवयांच्या मध्यापासून केस सुरू होतात तिथपर्यंतचे अंतर घेऊन दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारे गुणोत्तर मूळ चित्रात व नव्या चित्रात काढून पाहावे. उदाहरणातील छायाचित्रात पहिले अंतर 400 पिक्सेल आणि दुसरे 260 पिक्सेल असेल तर गुणोत्तर 0.65 येते, नव्या चित्रात ते 0.52 भरले, तर केस पुढे आणून माणसाला तरुण केले गेले आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांचे मोजमाप वेगवेगळे घ्यावे, कारण विषमता पुसून सममिती आणणे ही या प्रतिमानांची फार जुनी खोड आहे. टक्कल असलेल्या माणसाच्या बाबतीत तर केस उगवल्याचा प्रकार सौजन्य म्हणून खपवला जातो. ज्याचे चित्र आहे त्याने तशी मागणी केली नसेल तर त्याला सौजन्य म्हणता येत नाही.

शिरोवस्त्राच्या बाबतीत चूक केवळ साम्याची राहत नाही. हिजाबखालून केसांची बट डोकावणे, पगडीच्या पेचांची संख्या किंवा कपाळावर होणारा त्यांचा कोन बदलणे, छोटी गोल टोपी केसांत विरघळून जाणे, हे बदल ती व्यक्ती स्वतःला जगासमोर कसे ठेवते त्यालाच हात घालतात. तांत्रिक कारण पुन्हा वर्गीकरणाचे आहे : उपरोक्त संचात या सगळ्यांसाठी ‘टोपी’ हा एकच वर्ग आहे, आणि गळ्याभोवती उतरणारे कापड बरेचदा ‘वस्त्र’ या वर्गात जाऊन मास्क मधोमध तुटतो. म्हणून कपाळापासून खांद्यापर्यंतचे कापड एकाच मास्कमध्ये घ्यावे, कापड व त्वचा यांच्या सीमेवर मास्कची धार फार मऊ ठेवू नये, आणि पेचांच्या मुख्य रेषा रेषानकाशात हाताने पक्क्या कराव्यात. सीमेवरची धार मऊ असली, तर प्रतिमानाला त्या पट्ट्यात केस रंगवायला जागा मिळते.

तपासणीसाठी चेहरा-ओळख प्रणालीचा साम्यांक वापरण्याची पद्धत रूढ आहे, पण या चार गोष्टींसाठी तो विश्वासार्ह नाही. आर्कफेससारख्या प्रणालीला 112 × 112 पिक्सेलांचा, डोळे-तोंड ठरावीक जागी बसवलेला तुकडा दिला जातो. केशरेषा त्याच्या अगदी काठावर येते आणि शिरोवस्त्र बहुतेक बाहेरच राहते. शिवाय चष्मा लावला, काढला किंवा दाढी वाढली तरी तोच माणूस ओळखता यावा, अशाच हेतूने या प्रणाली घडवलेल्या असतात. जो बदल शोधायचा आहे तोच नजरेआड करायला शिकलेल्या साधनाकडून त्याची साक्ष घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मूळ व नवे चित्र एकाच जागी ठेवून आळीपाळीने दाखवावे : जे हलते ते लगेच दिसते. त्यानंतर दोन्ही चित्रे बोटाच्या नखाएवढी लहान करून पाहावीत, कारण त्या आकारात रंगछटा विरतात आणि चौकट, दाढी, केस व कापड यांचे ढोबळ आकारच उरतात.

मूळ छायाचित्रात काचेवर चमक पडून चौकटीचा भाग पुसला गेला असेल किंवा केशरेषा सावलीत बुडाली असेल, तर वरीलपैकी कोणत्याही उपायाने तो तपशील परत येत नाही. अशा वेळी त्या व्यक्तीचे दुसरे छायाचित्र मागवून त्यावरून रेषानकाशा पूर्ण करावा. ते मिळत नसेल तर शैलीचा आधार घेऊन ती जागा दाट काळ्या छायेत मोकळी सोडावी, जे काष्ठमुद्रेत सहज शोभते आणि जलरंगात मात्र तितकेसे जमत नाही.